हाफ-लाइफ, स्टेडी स्टेट आणि लोडिंग डोस: एमसीक्यू सोडवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी संध्याकाळी फार्माकॉलॉजीचा वर्ग घेतो. बी. फार्म. करून जीपॅट देणारी, औषधनिर्माण अधिकारी पदाच्या भरतीला बसणारी, आणि अधूनमधून पीजीच्या तयारीतले इंटर्न डॉक्टरही येतात. शेवटची एसटी पकडायची म्हणून पोरं घाईनं उठतात आणि शंका अर्ध्यातच राहतात. त्याच त्या शंका दरवर्षी येतात, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवल्या आहेत.

गणित दिसलं की पहिल्यांदा काय शोधायचं?

प्रश्न नेमकं काय विचारतोय ते. "पहिला डोस किती?", "रोजचा डोस किती?" आणि "किती वेळ लागेल?" या तीन वेगळ्या चौकशा आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळ्या राशीत दडलेलं असतं. पहिल्या डोसचं उत्तर व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्यूशनमध्ये असतं, म्हणजे औषध पसरायला शरीरात किती मोठी जागा आहे यात. रोजच्या डोसचं उत्तर क्लिअरन्समध्ये असतं, म्हणजे तासाला किती लिटर रक्त औषधापासून पूर्ण मोकळं होतं यात. वेळेचं उत्तर हाफ-लाइफमध्ये, म्हणजे औषधाची पातळी निम्मी व्हायला किती वेळ लागतो यात.

आता हाफ-लाइफ ही स्वतंत्र गोष्ट नाही. ती पहिल्या दोघांतून जन्मते:

```
t½ = 0.693 × Vd / CL
LD = Vd × Css / F
MD (per hour) = CL × Css / F
```

इथे LD म्हणजे लोडिंग डोस, पातळी एकदम वर नेणारा पहिला डोस; MD म्हणजे मेंटेनन्स डोस, ती पातळी टिकवणारा नेहमीचा डोस; Css म्हणजे रक्तात हवी असलेली स्थिर पातळी आणि F म्हणजे तोंडातून दिलेल्या औषधापैकी रक्तात पोहोचणारा वाटा. शिरेतून दिलं तर F एक. ही तीन सूत्रं पाठ असूनही पोरं चुकतात, कारण लोडिंग डोसच्या प्रश्नात हाफ-लाइफ दिलेली दिसली की ती कुठेतरी वापरायलाच हवी असं वाटतं. परीक्षक ती मुद्दाम देतो. लागत नसेल तर सोडून द्या.

पातळी १२ तासांत ८० वरून १० वर आली. हाफ-लाइफ ३ तास का नाही?

८०, ४०, २०, १० असे चार आकडे लिहिले जातात आणि १२ ला ४ ने भागलं जातं. शेताला तारेचं कुंपण घालताना चार खांब रोवले तर गाळे तीनच होतात. हाफ-लाइफ म्हणजे गाळा, खांब नव्हे. ८० ते ४० एक, ४० ते २० दुसरी, २० ते १० तिसरी. १२ भागिले ३, म्हणजे ४ तास. पर्यायांत ३ आणि ४ दोन्ही हमखास असतात.

"सर, डोस डबल केला तं स्टेडी स्टेट अर्ध्या टायमात काहून येत नाही?"

हा प्रश्न वर्गात सगळ्यात जास्त येतो आणि तो अगदी रास्त आहे. रांजण भरायचा असेल तर दोन बादल्या एकदम ओतल्या की लवकर भरतो, मग इथे काय वेगळं?

वेगळं हे, की रांजणाला काठ असतो आणि स्टेडी स्टेटला नसतो. स्टेडी स्टेट म्हणजे ठरलेल्या एखाद्या रेषेपर्यंत भरणं नव्हे. जितकं आत येतं तितकंच बाहेर जातं, अशी अवस्था म्हणजे स्टेडी स्टेट. आणि बहुतेक औषधं शरीरातून ठरावीक मिलिग्रॅमने जात नाहीत, ठरावीक हिश्शाने जातात. शरीरात जास्त असेल तर जास्त जाईल, कमी असेल तर कमी.

कागदावर करून पाहू. हाफ-लाइफ ८ तास आणि दर ८ तासांनी १०० मिग्रॅ शिरेतून. पहिला डोस दिला की शरीरात १००. आठ तासांनी उरले ५०, त्यात १०० घातले की १५०. पुढच्या आठ तासांनी ७५ उरले, नवा डोस धरून १७५. मग ८७.५ आणि १८७.५. पुढे वाढ कमी कमी होत जाते आणि आकडा २०० च्या जवळ जाऊन थांबतो. कारण शरीरात २०० असले की आठ तासांत नेमके १०० जातात आणि तेवढेच आपण घालतो.

आता डोस दुप्पट करा, २०० मिग्रॅ. शरीरात २००, मग ३००, ३५०, ३७५, आणि शेवट ४०० वर. पहिली रांग शेवटच्या २०० च्या तुलनेत पाहा: निम्मी, पाऊण, साडेसत्त्याऐंशी टक्के. दुसरी रांग ४०० च्या तुलनेत पाहा. टक्के तेच, पायऱ्याही तेवढ्याच. डोस दुप्पट केल्याने उंची दुप्पट झाली, पण चढायला लागणारा वेळ बदलला नाही. दोन डोसांमधलं अंतर बदललं तरी तो वेळ बदलत नाही. अंतर कमी केलं की सरासरी पातळी वाढते, जास्त केलं की उतरते, आणि सर्वांत वरच्या व खालच्या पातळीतला फरक कमीजास्त होतो. वेळ फक्त हाफ-लाइफ ठरवते.

म्हणून "डोस दुप्पट केल्यास स्टेडी स्टेटला पोहोचण्याचा काळ" असा प्रश्न आला की उत्तर "बदलत नाही". मात्र "२०० मिग्रॅची पातळी गाठायला लागणारा काळ" असं विचारलं असेल तर दुप्पट डोसने ती लवकर गाठली जाते, आणि पुढे ओलांडलीही जाते. दोन वाक्यं सारखी वाटतात, पण उत्तरं वेगळी आहेत.

स्टेडी स्टेटला ४ हाफ-लाइफ लिहायचं की ५?

चार हाफ-लाइफनंतर ९३.७५ टक्के गाठलेले असतात, पाचनंतर जवळपास ९७. शंभर टक्के गणिताप्रमाणे कधीच होत नाहीत, म्हणून व्यवहारात ४ ते ५ धरतात. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पर्यायांत क्वचितच येतात. आलेच, तर प्रश्नात टक्के दिलेले असतात का ते बघा. ९० टक्के म्हटलं असेल तर ३.३ हाफ-लाइफ.

एक पूर्ण गणित पायरीपायरीने सोडवून दाखवाल का?

घेऊ. ५० किलो वजनाचा माणूस, कापूस वेचणीच्या हंगामात दमा उसळलेला, ग्रामीण रुग्णालयात आणलाय. थिओफायलिन शिरेतून द्यायचं आहे. आज दम्यात हे औषध मागे पडलंय, पण परीक्षेत अजून ठाण मांडून आहे, कारण त्याचे आकडे सोपे आहेत. रक्तात पातळी १० मिग्रॅ प्रति लिटर हवी. व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्यूशन किलोमागे ०.५ लिटर, क्लिअरन्स किलोमागे ताशी ०.०४ लिटर.

आधी किलोचा हिशेब संपवून टाका. जागा ५० × ०.५ म्हणजे २५ लिटर. क्लिअरन्स ५० × ०.०४ म्हणजे ताशी २ लिटर. हे आधी केलं नाही की शेवटी वजनाने गुणायचं राहून जातं, आणि तो चुकलेला आकडा पर्यायांत वाट पाहत असतो.

लोडिंग डोस: २५ लिटर जागा, लिटरला १० मिग्रॅ हवेत, म्हणजे २५० मिग्रॅ. मेंटेनन्स: ताशी २ लिटर साफ होतात, प्रत्येकात १० मिग्रॅ, म्हणजे ताशी २० मिग्रॅ बाहेर जातात, तेवढेच आत घालायचे. हाफ-लाइफ: ०.६९३ × २५ भागिले २, म्हणजे साधारण ८.७ तास. लोडिंग न देता नुसतं ताशी २० मिग्रॅ चालू केलं, तर चार हाफ-लाइफ म्हणजे जवळजवळ ३५ तास लागतील. धाप लागलेला माणूस दीड दिवस थांबू शकत नाही. लोडिंग डोसची गरज इथे आहे.

पुढची खोच अशी, की बाटलीत थिओफायलिन नसून अमिनोफायलिन असतं. त्यात थिओफायलिनचा भाग साधारण ८० टक्के. म्हणून दोन्ही आकडे ०.८ ने भागायचे: लोडिंग ३१२.५ मिग्रॅ, मेंटेनन्स ताशी २५ मिग्रॅ अमिनोफायलिन. कित्येक जण इथे ०.८ ने गुणतात. औषधाचा काही भाग निकामी असेल तर जास्त माल लागणार, कमी नाही, एवढा एक विचार केला की गुणायचं की भागायचं ते कळतं.

तो माणूस आधीपासून थिओफायलिनच्या गोळ्या घेत असेल तर?

मग पूर्ण लोडिंग देणं धोक्याचं. समजा पातळी आधीच ६ आहे आणि १० हवी. भरायची फक्त कमतरता, लिटरला ४ मिग्रॅ. २५ × ४ म्हणजे १०० मिग्रॅ थिओफायलिन. आपल्याकडे पेशंट पिशवीतून चार ठिकाणच्या गोळ्या काढून दाखवतो. त्यामुळे "आधी काय घेत होता?" ही माहिती गणितात आकडा होऊन येते, हे मुलांनी लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

लिव्हर खराब असेल आणि क्लिअरन्स निम्मा झाला तर काय काय बदलतं?

एमसीक्यूंमध्ये सगळ्यात चांगला प्रश्न मला हाच वाटतो, म्हणून सावकाश वाचा.

जागा तीच, २५ लिटर. म्हणून लोडिंग डोस तोच, २५० मिग्रॅ. क्लिअरन्स ताशी १ लिटर झाला, म्हणून मेंटेनन्स निम्मा, ताशी १० मिग्रॅ. हाफ-लाइफ दुप्पट, साधारण १७.३ तास, म्हणून स्टेडी स्टेटला ३५ ऐवजी ६९ तास. परीक्षेपुरतं उत्तर इथे संपतं. पण खरी गोम पुढे आहे.

समजा लिव्हरकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि लोडिंग २५० देऊन मेंटेनन्स नेहमीसारखा ताशी २० मिग्रॅ चालू ठेवला. अशा वेळी स्टेडी स्टेटची पातळी २० भागिले १, म्हणजे २० होणार, हवी त्याच्या दुप्पट. पण ती लगेच होत नाही. लोडिंग डोसने पातळी पहिल्याच तासात १० वर नेऊन ठेवली. तिथून ती हळूहळू २० कडे सरकते, आणि उरलेलं अंतर दर १७.३ तासांनी निम्मं होतं. सहा तासांनी पाहिलं तर पातळी सुमारे १२. कोणीही म्हणेल, ठीक आहे. सतरा तासांनी १५. पस्तीस तासांनी १७.५. तिसऱ्या दिवशी १९ च्या पुढे, आणि तेव्हा पेशंटला उलट्या, छातीत धडधड, हात थरथरणं.

म्हणजे लोडिंग डोस पातळीवर नेतो, पण ती पातळी टिकेल याची हमी देत नाही. टिकवतो तो मेंटेनन्स डोस, आणि तो क्लिअरन्सशी जुळत नसेल तर शरीर आपल्या स्वतःच्या स्टेडी स्टेटकडे जायला पुन्हा ४ ते ५ हाफ-लाइफ घेतंच. "लोडिंग डोसने स्टेडी स्टेटला पोहोचण्याचा काळ कमी होतो का?" या प्रश्नावर मुलांची भांडणं होतात ती यामुळेच. हवी ती पातळी लवकर मिळते, हे खरं. पण लोडिंग आणि मेंटेनन्स एकमेकांशी तंतोतंत जुळले नाहीत, तर आत येणारं आणि बाहेर जाणारं समान व्हायला लागणारा काळ लोडिंगने बदलत नाही.

आणखी एक: चुकीचं औषधमान लवकर पकडायचं असेल तर पातळी कधी मोजायची? क्लिअरन्स कमी असलेल्या माणसात हाफ-लाइफ लांब, म्हणजे घोटाळा उशिरा दिसणार. ज्याला सगळ्यात जास्त धोका आहे, त्याचीच पहिली तपासणी सगळ्यात जास्त फसवते. ग्रामीण भागात औषधाची पातळी सहसा तिथल्या तिथे मोजून मिळत नाही, तेव्हा हा हिशेब डोक्यात असलेला बरा.

किडनी निकामी असेल तर लोडिंग डोस कमी करायचा ना?

साधारणपणे नाही. किडनीतून जाणाऱ्या औषधाचा क्लिअरन्स कमी होतो, त्यामुळे मेंटेनन्स कमी करायचा किंवा दोन डोसांतलं अंतर वाढवायचं. जागा बदलली नसेल तर लोडिंग तोच. उलट हाफ-लाइफ लांबल्यामुळे लोडिंगची गरज वाढते, कारण त्याशिवाय पातळी गाठायला फार दिवस जातील.

डिगॉक्सिन हा ठळक अपवाद. गंभीर किडनीविकारात त्याची पसरण्याची जागाच आक्रसते, म्हणून तिथे लोडिंगही कमी करतात. नियम मोडला नाही, लोडिंग अजूनही जागेवरूनच ठरला. फक्त इथे जागाही बदलली.

"लोडिंग डोस मेंटेनन्सच्या दुप्पट" हे कायम खरं का?

फक्त डोसांमधलं अंतर हाफ-लाइफएवढं असेल तेव्हा. वर १०० मिग्रॅच्या उदाहरणात आपण पाहिलं की स्टेडी स्टेटला डोस दिल्यावर शरीरात २०० असतात. पहिल्याच वेळी २०० दिले की थेट तिथेच. आठ तासांनी १०० उरतात, १०० घालायचे, पुन्हा २००. डॉक्सिसायक्लिनच्या नेहमीच्या पत्रकात पहिल्या दिवशी २०० मिग्रॅ आणि पुढे रोज १०० मिग्रॅ असतं. त्याची हाफ-लाइफ साधारण २० तासांच्या आसपास, म्हणजे एका दिवसाच्या जवळ, त्यामुळे दुप्पट बसतं.

अंतर दोन हाफ-लाइफचं असेल तर? डोस दिल्यानंतर शरीरात समजा क्ष उरतात, पुढच्या डोसपर्यंत त्याचा चौथा भाग राहतो, म्हणजे पाऊण गेला. तो पाऊण म्हणजे मेंटेनन्स. मग लोडिंग मेंटेनन्सच्या चार-तृतीयांश, सव्वापटीपेक्षा थोडा जास्त. १०० मिग्रॅला साधारण १३३. सूत्र आठवलं नाही तरी "अंतरात जितका हिस्सा गेला तो मेंटेनन्स" एवढं धरून चालता येतं.

क्लोरोक्विनचा पहिला डोस मोठा, मग तो एकदम का देत नाहीत?

गडचिरोलीची मुलं हा प्रश्न हटकून विचारतात, कारण मलेरियाच्या गोळ्या त्यांच्या घरात आलेल्या असतात. आशाताई व्हायवॅक्स मलेरियाला क्लोरोक्विन देते ते तीन दिवसांत किलोमागे एकूण २५ मिग्रॅ: पहिल्या दिवशी १०, दुसऱ्या दिवशी १०, तिसऱ्या दिवशी ५. मोठ्या माणसाला ६००, ६०० आणि ३०० मिग्रॅ.

क्लोरोक्विन ऊतींमध्ये इतकं शोषलं जातं की त्याची पसरण्याची जागा किलोमागे १०० लिटरहून कितीतरी जास्त भरते. एवढे लिटर माणसात नसतातच. हा आकडा फक्त एवढंच सांगतो की रक्तात औषध फार थोडं उरतं. हाफ-लाइफ एक ते दोन महिन्यांची. लहान रोजच्या डोसने पातळी बांधायला गेलो तर महिने जातील, आणि ताप तोवर थांबत नाही. म्हणून सुरुवातीला मोठं ओझं.

पण एकदम सगळं नाही, कारण औषध पोटातून रक्तात आधी येतं आणि ऊतींत नंतर जातं. मधल्या वेळेत ते सगळं छोट्या जागेत, म्हणजे रक्तात असतं, आणि हृदयाला तेवढी पातळी सोसत नाही. शिरेतून वेगाने दिलेल्या क्लोरोक्विनने रक्तदाब कोसळतो, तो याच कारणाने. डिगॉक्सिनचा लोडिंग डोसही याच कारणाने निम्मा आधी आणि उरलेला दोन भागांत, काही तासांच्या अंतराने देतात. त्याची पातळीही शेवटच्या डोसनंतर निदान सहा तासांनी मोजतात. त्याआधी मोजली तर ऊतींत न गेलेलं औषध रक्तात दिसतं आणि विषबाधेचा खोटा संशय येतो.

लोडिंग डोसचं सूत्र औषध पूर्ण पसरल्यानंतरचा आकडा देतं. पसरायला लागणारा वेळ त्यात कुठेच नाही. "लोडिंग डोस विभागून का देतात?" या प्रश्नाला पर्यायांत "क्लिअरन्स कमी करण्यासाठी" असं काही असेल तर ते खोडा, आणि वितरणाच्या टप्प्यातली विषबाधा टाळणं हा पर्याय घ्या.

फेनिटॉइनला हे सगळं लागू होतं का?

अर्धं होतं. नेहमीच्या डोसमध्येच फेनिटॉइन मोडणारी एन्झाइम भरून जातात आणि मग औषध हिश्शाने न जाता ठरावीक मिलिग्रॅमने जाऊ लागतं. तिथे पातळी जशी वाढेल तशी हाफ-लाइफ लांबत जाते. म्हणून "किती हाफ-लाइफने स्टेडी स्टेट" हा हिशेब बसत नाही, आणि रोजच्या ३०० मिग्रॅमध्ये थोडीशी भर घातली तरी पातळी अनपेक्षित उडी मारू शकते. "डोस दुप्पट तर पातळी दुप्पट" हा पर्याय फेनिटॉइनच्या प्रश्नात चूक असतो.

लोडिंग डोस मात्र निवांत काढता येतो, कारण औषध कसं बाहेर जातं याच्याशी त्याचा संबंध नाही. किलोमागे ०.७ लिटर जागा, ५० किलोचा माणूस, म्हणजे ३५ लिटर. पातळी २० हवी असेल तर ७०० मिग्रॅ, किलोमागे १४. झटके थांबवण्यासाठी किलोमागे १५ ते २० मिग्रॅ देतात. आपला आकडा त्याच्या अगदी शेजारी येतो.